पार्किंगची चेष्टा करा, अंतराची नको

प्रश्न : «आम्ही चार मित्र, कॉलेजपासूनचे. गाडी एकाकडेच आहे आणि चालवायची हौसही त्यालाच. पण कुठेही लावली तरी गाडी तिरकी, एक चाक रेषेबाहेर, शेजारच्याला दार उघडता येऊ नये अशी. हायवेला तर पुढच्या गाडीला चिकटूनच चालवतो. एकदा मी शांतपणे समजावलं, तर ‘पंधरा वर्षं चालवतोय, तू मला शिकवू नकोस’ म्हणाला आणि परतताना मुद्दाम जास्त जोरात हाकली. तेव्हापासून आम्ही नुसती चेष्टा करतो, त्याच्या पार्किंगचे फोटो काढून ग्रुपवर टाकतो. तोही हसतो. बायको म्हणते, मित्र असाल तर तोंडावर सांगा. चेष्टेनं कुणी सुधारतं का? की आम्ही फक्त मजा घेतोय?» — मागच्या सीटवरचा मित्र

उत्तर :

चेष्टेनं माणूस सुधारतो. मात्र सगळ्या बाबतींत नाही, आणि फोटोच्या वाटेनं तर फारच क्वचित. मी बरीच वर्षं लोकांना गाडी शिकवते आहे. त्यात शिकाऊ जितके असतात तितकेच ‘मला येतं, फक्त जरा सराव हवा’ म्हणणारेही असतात. या दुसऱ्या प्रकारच्या माणसांशी कसं बोलावं, हा माझ्या कामाचा अर्धा भाग आहे. म्हणून तुमचं पत्र वाचताना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की तिरकं पार्किंग आणि पुढच्या गाडीला चिकटणं या दोन सवयी तुम्ही एकाच दमात सांगितल्या आहेत. त्यांवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. आधी पार्किंगचं बघू, कारण चेष्टेला खरी जागा तिथेच आहे.

तुम्ही समजावलंत ते का फसलं, हे आधी नीट कळायला हवं. ओला स्वेनसन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाचा १९८१ सालचा एक अभ्यास आमच्या क्षेत्रात बराच प्रसिद्ध आहे. त्यानं विद्यार्थ्यांच्या गटाला विचारलं, की इथे बसलेल्या इतरांच्या मानानं तुमचं गाडी चालवण्याचं कौशल्य किती? अमेरिकेतल्या गटात ९३ टक्के जणांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. स्वीडनच्या गटात हा आकडा ६९ टक्के होता. वरच्या निम्म्यात निम्म्याहून जास्त लोक मावत नाहीत, हे उघड आहे. पण त्यातला प्रत्येक जण मनापासूनच उत्तर देत होता. तुमचा मित्रही मनापासूनच म्हणाला, ‘पंधरा वर्षं चालवतोय.’ तुम्ही जी चूक समजावून सांगत होतात, ती त्याच्या लेखी घडलेलीच नव्हती.

आणि परतताना त्यानं गाडी जोरात का हाकली? जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली मांडलेलं एक निरीक्षण इथे तंतोतंत लागू पडतं. आपलं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं, की माणूस ते परत मिळवायला बघतो, आणि त्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जे करू नको म्हटलं तेच करून दाखवणं. गाडीत हे आणखी तीव्र होतं. स्टिअरिंग त्याच्या हातात, बाकीचे तिघे त्याच्या भरवशावर बसलेले, अशा वेळी तुमचं बोलणं मान्य करायचं तर त्याला सगळ्यांसमोर ‘मी तुम्हाला इतकी वर्षं वाईट चालवून नेत होतो’ असं कबूल करावं लागतं. तेवढी मोठी कबुली चालत्या गाडीत कुणी देत नाही. तुमचं बोलणं शांत होतं की रागाचं, यानं फारसा फरक पडला नसता.

आता पार्किंगचं खरं कारण सांगते. तिरकी गाडी लावणाऱ्याला ती तिरकी दिसत नाही. त्याच्या सीटवरून समोर बॉनेट दिसतं, भिंत दिसते, आणि रेषा दाराखाली झाकलेल्या असतात. पाच-सहा अंशांचा तिरकेपणा आत बसलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही. पण चार मीटर लांबीच्या गाडीत सहा अंश म्हणजे नाक आणि शेपूट यांत चाळीस सेंटीमीटरहून जास्त फरक. मग तो उतरतो, दार लावतो, चालता चालता मागे न बघता किल्लीचं बटण दाबतो आणि निघून जातो. आपली गाडी बाहेरून कशी दिसते, हे त्यानं पंधरा वर्षांत क्वचितच पाहिलं असेल. परत येतो तेव्हा शेजारची गाडी बहुधा निघून गेलेली असते. म्हणजे ज्याला त्रास झाला तो माणूसही त्याला कधी भेटत नाही.

म्हणून ‘जरा नीट लावत जा’ हे वाक्य वाया जातं. त्यात त्याला वापरता येईल अशी एकही माहिती नाही. त्याला हवंय ते एवढंच, की गाडी लॉक करायच्या आधी त्यानं एकदा मागे वळून बघावं. हे त्याच्याकडून सहज करवून घेणं हशाला जमतं. मागे तिघे जण हसायला लागले की कुणीही वळून बघतोच.

माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलीच्या मैत्रिणींनी यासाठी एक खेळ काढला होता. तो इतका नेमका आहे की मी तेव्हापासून तो अनेकांना सांगत आले आहे. गाडीच्या मागे उभं राहायचं. जमिनीवरच्या रेषा ज्या दिशेला जातात ती दिशा म्हणजे बारा. गाडी म्हणजे मिनिटकाटा. आता विचारायचं, ‘किती वाजले गं?’ नाक डावीकडे कललं असेल तर ‘बाराला एक कमी’, ‘बाराला दोन कमी’. उजवीकडे कललं असेल तर ‘बारा वाजून दोन मिनिटं’. तिनं पहिल्यांदा लावलेली गाडी बघून एक मैत्रीण म्हणाली होती, ‘बाराला तीन कमी, अजून शाळा सुटायला वेळ आहे.’ सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि पहिल्यांदाच तिनं स्वतःची गाडी मागून पाहिली.

या चेष्टेत एक माप दडलेलं आहे. घड्याळात एक मिनिट म्हणजे सहा अंश. साध्या पार्किंगच्या जागेची रुंदी अडीच मीटरच्या आसपास असते. त्यात पावणेदोन-एक मीटर रुंदीची, चार मीटर लांबीची गाडी एक मिनिटानं चुकली तरी रेषांच्या आत राहते. दोन मिनिटांनी चुकली की तिला लागणारी रुंदी अडीच मीटरच्या वर जाते, म्हणजे कुठला तरी एक कोपरा रेषेबाहेर जाणारच. तेव्हा एका मिनिटापर्यंत माफी द्यायची आणि दोनला हसायचं. काही दिवसांत चालक स्वतःच उतरता उतरता सांगायला लागतो, ‘एक कमी आहे, चालेल.’ म्हणजे त्याला आता सहा आणि बारा अंशांतला फरक नजरेनं कळायला लागला. हे मी शिकवणीत कागदावर आकृत्या काढून समजावते तेव्हा कितीतरी जास्त वेळ जातो.

आणखी एक गोष्ट मला यात फार मोलाची वाटते. या खेळात गाडीवर बोललं जातं, माणसावर नाही. ‘तुला अक्कल नाही’, ‘तुला लायसन कुणी दिलं’ असली थट्टा कितीही हसत केली तरी ते भाषणच असतं, कारण तिच्यात दुरुस्त करता येईल असं काही नसतं. घड्याळ मात्र दर वेळी नव्यानं वाचायचं असतं, आणि चांगल्या दिवसालाही त्यात जागा असते. ज्या दिवशी त्या मुलीनं गाडी अगदी सरळ लावली, त्या दिवशी सगळ्या ओरडल्या, ‘आज हिचे बरोबर बारा वाजले!’ कौतुक करतानासुद्धा त्यांनी चेष्टेचा सूर सोडला नाही, म्हणून ते तिला शिक्षकानं पाठ थोपटल्यासारखं वाटलं नाही.

पण नुसतं वाचून गाडी सरळ होत नाही. काही काळानं तिचं हसणं थोडं कमी झालं आणि तिनं विचारलं, ‘अगं, पण मी किती जपून आत घेते, तरी ती सरळ होतच नाही. काय करू?’ तुम्हाला तुमच्या मित्राच्या तोंडून हा प्रश्न हवाय. तो येईपर्यंत एक शब्दही शिकवू नका. आणि आला की चेष्टा तिथेच थांबवा आणि नीट उत्तर द्या. त्या क्षणी जो पुन्हा विनोद करतो, त्याला तो प्रश्न दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

उत्तर काय द्यायचं, तेही सांगते. तुमचा मित्र बहुधा नाक आधी आत घालत असेल. अशा वेळी पुढची चाकं जागेत पोचतात, पण मागची चाकं आतल्या बाजूनं, छोट्या वळणानं येत असतात. गाडीचं अंग रेषांना समांतर व्हायला तिला आणखी थोडं पुढे जावं लागतं, आणि नेमकी तेव्हाच जागा संपते, समोर भिंत येते. गाडी तिथेच थांबते, तिरकी. मग तो काय करतो? हातभर मागे घेतो, पुन्हा हातभर पुढे, आणि तेवढ्यात स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवतो. यानं कोन जवळजवळ तसाच राहतो. त्यानं करायचं ते हे : मागे कुणी नाही हे बघून गाडी जवळपास पूर्ण लांबीइतकी बाहेर घ्यायची, बाहेर येता येता तिला रेषांच्या दिशेत सरळ करायची, चाकं सरळ करायची आणि मग आत जायचं. सुरुवातीला वळताना जागेपासून थोडं दूर, पलीकडच्या बाजूनं वळलं तर हे करायची वेळही कमी येते.

त्याहून सोपं म्हणजे मागे घेत आत लावणं. लोकांना ते अवघड वाटतं, पण वळणारी चाकं तेव्हा बाहेरच्या मोकळ्या बाजूला असतात, त्यामुळे शेवटपर्यंत कोन सुधारता येतो. दोन्ही आरशांत रेषा दिसतात. ज्या बाजूला गाडी आणि रेषा यांच्यात जास्त फट दिसते, त्या बाजूला स्टिअरिंग थोडं वळवायचं, कारण मागे जाताना गाडीची शेपूट स्टिअरिंग वळवू त्याच बाजूला जाते. दोन्ही आरशांत गाडीचं अंग आणि रेषा समांतर दिसल्या की स्टिअरिंग सरळ करून सावकाश मागे. मागून येणाऱ्या माणसांकडे, विशेषतः लहान मुलांकडे मात्र मान वळवून बघायलाच हवं, आरसा किंवा कॅमेरा त्यासाठी पुरत नाही.

घड्याळाच्या खेळाची एक मर्यादा आहे. गाडी अगदी सरळ उभी असूनही एका रेषेला चिकटलेली असू शकते. तेव्हा बारा वाजलेलेच असतात, पण शेजारच्याचं दार उघडत नाही. दोन्ही गाड्या आपापल्या मधोमध असतील तर त्यांच्यात साधारण सत्तर सेंटीमीटर उरतात आणि माणूस बऱ्यापैकी आरामात उतरतो. तुमचा मित्र एक वीत जरी शेजाऱ्याकडे सरकला तरी ती जागा पन्नासच्या आसपास येते, आणि त्याला अंग चोरून बाहेर पडावं लागतं. इथे उत्तम उपाय म्हणजे तुमच्यापैकी सगळ्यात आडव्या मित्रानं, त्याची हरकत नसेल तर, त्याच बाजूनं उतरायचं आणि मोठ्यानं सांगायचं, ‘मी आत श्वास घेतलाय, बाहेर सोडायला जागा मिळेल का?’ त्यातून चालकाला कळतं की ही फट दुसऱ्या कुणाला तरी वापरायची आहे. स्वतःच्या जाडीवर तो स्वतः हसतोय, त्यामुळे चालकालाही हसायला सोपं जातं.

आता फोटोंकडे येते, कारण तुमच्या बायकोचं अर्धं म्हणणं मला इथे पटतं. फोटो तुम्ही काढता तोवर तो निघून गेलेला असतो, त्यामुळे चूक सुधारायची संधी संपलेली असते. शिवाय पाहणारे वाढतात. जस्टिन क्रुगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ साली चेष्टेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं ते असं, की चेष्टा करणाऱ्याला आपला हेतू प्रेमाचा आहे हे ठाऊक असतं आणि म्हणून ती चेष्टा त्याला जितकी गोड वाटते, तितकी ती ज्याची होते त्याला वाटत नाही, कारण हेतू त्याला दिसत नसतो, फक्त शब्द ऐकू येतात. ग्रुपवर तर आवाजही नसतो आणि चेहराही नसतो. तिथे सगळे हसतात तेव्हा त्यालाही हसावंच लागतं. म्हणून ‘तोही हसतो’ याला मी पुरावा मानत नाही.

पुरावा दुसरीकडे शोधा. चेष्टा ऐकून तो वळून बघतो का? कधी स्वतःच आधी बोलतो का? गाडी परत बाहेर काढून दुरुस्त करतो का? तर सगळं ठीक चाललंय. उलट तो एक क्षण थांबून मग हसत असेल, तुम्ही बरोबर असताना गाडी मुद्दाम लांब, एकटी लावत असेल, ‘आज तुम्हीच कुणी आणा गाडी’ म्हणायला लागला असेल, तर त्याला लागलेलं आहे. अशा वेळी खुलासे करत बसू नका, चेष्टा थांबवा. आणि काही जागा आधीपासूनच वर्ज्य ठेवा. त्याची बायकामुलं गाडीत असताना एकही शब्द नको, कारण घरच्यांसमोर त्याला फक्त बचावच करता येतो. नवा ओरखडा पडला असेल त्या दिवशी नको, त्याला आधीच खर्च दिसत असतो. आणि कधी अपघात झाला असेल तर त्यावर कधीच नको.

बायकोचं उरलेलं अर्धं म्हणणं हायवेबद्दल आहे, आणि तिथे ती पूर्ण बरोबर आहे.

पुढच्या गाडीला चिकटण्यावर विनोद करू नका. विनोदाचा फायदा असा, की ऐकणाऱ्याला तो हलका घेता येतो. पार्किंगमध्ये तो हलकेपणा उपयोगी पडतो, इथे घातक ठरतो, कारण ‘हे काही गंभीर नाही’ असा परवाना तुम्हीच त्याला देता. आकडे बघा. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पुढच्याचा ब्रेकलाइट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत लक्ष असलेल्या माणसालाही सहज एक सेकंद लागतो, बऱ्याचदा जास्त. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर गेले. तो दहा मीटरवर असेल तर त्याच्याकडे अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ आहे. पंधरा वर्षांच्या अनुभवानं ही वेळ वाढत नाही. इतकी वर्षं काही झालं नाही, कारण पुढच्या गाड्यांना तेव्हा अचानक थांबावं लागलं नाही.

हे त्याला सांगा, पण भाषण करू नका आणि गाडी चालू असताना तर अजिबात नको. पुढच्या प्रवासाला निघण्याआधी, इंजिन बंद असताना, बाकी दोघे नसताना, दोन वाक्यं बोला. स्वतःबद्दल बोला, त्याच्या चालवण्याबद्दल नको. ‘हायवेला पुढची गाडी इतकी जवळ दिसली की मला मागे बसून खरंच भीती वाटते. आज दोन सेकंदांचं अंतर ठेवशील का, माझ्यासाठी?’ तुम्हाला भीती वाटते यावर त्याला वाद घालता येत नाही, आणि मागणी लहान आहे, मोजता येण्याजोगी आहे. मोजायचं असं : पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तेव्हा सावकाश ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचं. तो खांब त्याआधी आपल्यापाशी आला तर अंतर कमी आहे. ओल्या रस्त्यावर हे दुप्पट धरायचं. मोजायचं काम तुम्ही मनातल्या मनात करा, मोठ्यानं मोजलंत की पुन्हा तीच शिकवणी सुरू होईल. त्यानं अंतर ठेवलं तर उतरताना एवढंच सांगा, की आज निवांत बसता आलं.

मधे कुणीतरी घुसतं म्हणून अंतर ठेवता येत नाही, असं तो नक्की म्हणेल. सगळेच म्हणतात. घुसू दे, पाय किंचित हलका कर आणि नवं अंतर धर, असं सांगा. एवढ्यानं पूर्ण प्रवासात वेळ फारच थोडा जातो.

आणि त्यानं ऐकलंच नाही, चालवताना फोन हातात घेतला, डोळे मिटायला लागले किंवा पिऊन स्टिअरिंगवर बसला, तर चेष्टाही नको आणि विनंतीही नको. ‘गाडी बाजूला घे, मी उतरतो’ एवढंच म्हणा आणि उतरा. पिऊन बसला असेल तर किल्ली काढून घ्या, रागावला तरी. चिकटण्याच्या बाबतीत दोनदा सांगूनही फरक पडला नाही, तर पुढच्या वेळी तुम्ही वेगळ्या गाडीनं जा आणि का जाताय ते त्याला निघण्याआधीच स्पष्ट सांगा. पोचल्यावर मात्र पार्किंगमध्ये त्याच्या गाडीमागे उभे राहायला आणि किती वाजले ते विचारायला काहीच हरकत नाही.